चूक शोधणाऱ्याची की लिहिणाऱ्याची?

२०१७ साली डांची चेन, ॲडम फिश, जेसन वेस्टन आणि आंत्वान बोर्द या चौघांनी डीआरक्यूए नावाची एक संगणक प्रणाली तयार केली. तिला कोणताही माहितीपर प्रश्न विचारायचा आणि तिने इंग्रजी विकिपीडियाचे पन्नास लाखांहून अधिक लेख चाळून उत्तर काढायचं, असं तिचं काम होतं. प्रणालीचे दोन भाग होते. पहिला भाग प्रश्न पाहून पाच लेख निवडून आणायचा. दुसरा भाग ते लेख वाचून त्यातले नेमके शब्द उत्तर म्हणून उचलायचा.

त्यांच्या शोधनिबंधातले काही आकडे आजही पुन्हा पाहावेत असे आहेत. उत्तर असलेला परिच्छेद आयता समोर ठेवला, तर वाचणारा भाग शंभरातल्या ६९.५ प्रश्नांची उत्तरं शब्दशः बरोबर द्यायचा. त्याच भागाला पूर्ण विकिपीडियातून शोधून आणलेले लेख दिले की हा आकडा २७.१ वर यायचा. वाचणाऱ्याचं कौशल्य तेच, प्रश्न तेच, आणि तरीही शंभरातले बेचाळीस गुण गेले. ते कुठे गेले?

लेखकांनी हा प्रश्न मोघम सोडला नाही. शोधणाऱ्या भागाची त्यांनी वेगळी परीक्षा घेतली. त्याने आणलेल्या पहिल्या पाच लेखांत उत्तर कुठे तरी आहे का, एवढंच त्या परीक्षेत पाहायचं होतं. ते ७७.८ टक्के प्रश्नांच्या बाबतीत होतं. म्हणजे शंभरातले बावीस प्रश्न असे निघाले, की ज्यांच्यावर वाचणाऱ्याचा काही इलाजच नव्हता, कारण उत्तराचा कागद त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मग त्यांनी आणखी एक प्रयोग केला. योग्य लेख हाती दिला, पण त्यातला परिच्छेद दाखवला नाही. तेव्हा आकडा ४९.४ आला. याचा अर्थ असा, की लेख बरोबर मिळाला तरी लांबलचक मजकुरातली विषयाशी मिळतीजुळती दुसरी वाक्यं वाचणाऱ्याची दिशाभूल करत होती. एका ढोबळ अपयशाचे असे दोन वेगळे हिशेब झाले, आणि पुढची दुरुस्ती कुठे करायची ते दिसू लागलं.

शोधणाऱ्या भागाला या क्षेत्रात रिट्रीव्हर म्हणतात आणि त्याच्या या साध्या परीक्षेच्या गुणांना हिट रेट. विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांत योग्य मजकूर रिट्रीव्हरने आणलेल्या पहिल्या काही निकालांत सापडला, त्याची टक्केवारी म्हणजे हिट रेट. इतकं सोपं माप पाहून जाणकारही नाक मुरडतात. माझं मत उलट आहे. प्रश्नोत्तरांच्या प्रणालीवर काम करणाऱ्याने सगळ्यात आधी हेच मोजावं.

डीआरक्यूएचा वाचणारा भाग मजकुरातले शब्द फक्त उचलायचा. आजच्या प्रणालींत त्या जागी भाषा-मॉडेल असतं आणि ते उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहितं. २०२० मध्ये पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून या रचनेला रॅग हे नाव मिळालं. आता बँकेपासून विद्यापीठापर्यंत जिथे जिथे ‘आमच्या कागदपत्रांवर आधारित प्रश्नोत्तरं’ अशी सोय दिसते, तिथे आत बहुधा हीच रचना असते. उचलणारा जाऊन लिहिणारा आला, आणि एक नवी अडचण उभी राहिली. लिहिणाऱ्या मॉडेलला चुकीचा कागद दिला, तरी ते सफाईदार, आत्मविश्वासाने भरलेलं उत्तर लिहू शकतं. कधी प्रशिक्षणात वाचलेल्या मजकुराच्या आठवणीवर बरोबर उत्तरही ठोकून देतं. त्यामुळे नुसतं शेवटचं उत्तर पाहून रिट्रीव्हरने काम नीट केलं की नाही, हे ओळखता येत नाही.

हे सगळं एका कल्पित उदाहरणावर चालवून पाहू. उदाहरणातले आकडे माझे आहेत, अडचणी मात्र खऱ्या आहेत.

समजा, एका तालुक्यातल्या लोकांसाठी जमिनीच्या नोंदींविषयी प्रश्नोत्तरांची सोय करायची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, तिच्याखालचे नियम, परिपत्रकं आणि माहितीपुस्तिका असा साठा गोळा केला. अख्खी संहिता मॉडेलपुढे ठेवण्यात अर्थ नसतो, म्हणून साठ्याचे दोनदोनशे शब्दांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला. असे बाराशे तुकडे झाले. प्रश्न आला की रिट्रीव्हर त्यातले पाच तुकडे निवडतो आणि लिहिणारं मॉडेल त्या पाचांवरून उत्तर तयार करतं.

परीक्षेसाठी साठ प्रश्न जमवले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोणत्या तुकड्यात आहे, हे महसुलाचं काम जाणणाऱ्या माणसाने बसून ठरवलं. ‘वडील वारले, आता सातबाऱ्यावर आमची नावं कशी लागतील?’ या प्रश्नासाठी वारस नोंदीचा तुकडा. ‘नोंद करायला किती दिवसांत अर्ज द्यावा लागतो?’ यासाठी कलम १४९ चा तुकडा. वारसाहक्काने जमिनीत हक्क मिळाला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, हे त्याच कलमात आहे. ही सगळी तयारी एक्सेलच्या साध्या तक्त्यात मावते. एका रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात योग्य तुकड्याचा क्रमांक, तिसऱ्यात रिट्रीव्हरने आणलेले क्रमांक त्यांच्या क्रमानुसार, आणि चौथ्यात योग्य तुकडा कितवा आला तो आकडा. आलाच नसेल तर शून्य.

आता मोजू. साठपैकी २७ प्रश्नांत योग्य तुकडा पहिलाच आला. आणखी १२ प्रश्नांत तो दुसरा किंवा तिसरा होता, ६ प्रश्नांत चौथा किंवा पाचवा, ३ प्रश्नांत सहावा ते दहावा, आणि १२ प्रश्नांत पहिल्या दहांत कुठेच नव्हता. फक्त पहिला निकाल धरला तर हिट रेट ४५ टक्के. पहिले तीन धरले तर ३९ प्रश्न, म्हणजे ६५ टक्के. पाच धरले तर ४५ प्रश्न, म्हणजे ७५ टक्के. दहा धरले तर ८० टक्के. एकाच रिट्रीव्हरचे हे चार हिट रेट झाले. म्हणून किती निकाल धरले हे न सांगता दिलेला हिट रेट निरर्थक असतो. कार्यक्रम लिहिणारे तो hit@1, hit@5 असा लिहितात, त्याचं कारण हेच. बाराशेच्या बाराशे तुकडे आणले तर कोणाचाही हिट रेट शंभर टक्के येईल.

या परीक्षेत लिहिणाऱ्या मॉडेलला अजून हातही लावलेला नाही, हे ध्यानात घ्यावं. साठ उत्तरं कोणी वाचलेली नाहीत आणि ती बरोबर की चूक यावर वाद झालेला नाही. दोन क्रमांक जुळतात की नाही, एवढंच पाहायचं असल्यामुळे तुकड्यांची लांबी बदलली किंवा शोधायची पद्धत बदलली, तर ही परीक्षा मिनिटभरात पुन्हा घेता येते. उत्तरांचा दर्जा तपासायला मात्र दर वेळी माणूस बसवावा लागतो.

मिळालेल्या आकड्यापेक्षा हुकलेल्या प्रश्नांची यादी जास्त मोलाची असते. पहिल्या पाचांत न आलेले पंधरा प्रश्न एकेक करून वाचायला घेतले, की कारणं समोर येऊ लागतात. पहिलं कारण लोकांची बोली आणि कायद्याची भाषा यांतलं अंतर. माणूस म्हणतो ‘बाप वारला’, कागद म्हणतो ‘खातेदार मयत झाल्यास’. माणूस म्हणतो ‘नाव चढवणं’, कागद म्हणतो ‘फेरफार’. लोक अजून तलाठ्यालाच भेटायला जातात, कागदोपत्री तो ग्राम महसूल अधिकारी झाला आहे. बीएम२५ ही जुनी आणि भरवशाची शोधपद्धत शब्द जुळवते, आणि दुर्मीळ शब्द जुळला तर जास्त गुण देते. शब्दच जुळले नाहीत तर तिचं काही चालत नाही. दुसरी पद्धत मजकुराचा अर्थ आकड्यांच्या लांब यादीत उतरवते आणि प्रश्नाच्या यादीच्या जवळ जाणाऱ्या याद्या शोधते. तिला ‘वारला’ आणि ‘मयत’ जवळचे वाटतात. मात्र ‘नमुना ६-क मध्ये काय असतं?’ असं विचारलं तर तीच पद्धत ‘नमुना ६’, ‘नमुना ८-अ’ असं काहीबाही आणू शकते, कारण अर्थाच्या दृष्टीने हे सगळे सारखेच दिसतात. अशा ठिकाणी शब्द जुळवणारी पद्धत वरचढ ठरते. त्यामुळे पुष्कळ जण दोन्हींचे निकाल एकत्र करतात.

मराठीत याच्या पलीकडच्याही काही खोड्या आहेत. सातबारा, सातबाऱ्यावर, सातबाऱ्याचा ही माणसाला एकाच शब्दाची रूपं वाटतात. शब्द जसाच्या तसा जुळवणाऱ्या संगणकाला ते तीन वेगळे शब्द आहेत. ‘७/१२’ आणि ‘7/12’ हेही त्याला वेगळे. त्याहून लबाड प्रकार ‘ऱ्या’ या अक्षराचा. युनिकोडमध्ये ते दोन रीतींनी साठवता येतं. एक रीत ऱ या स्वतंत्र अक्षराची, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकायची. पडद्यावर दोन्ही ‘सातबाऱ्या’ हुबेहूब एकसारखे दिसतात, पण जुळवायला गेलं की जुळत नाहीत. आणि साठ्यातली एखादी जुनी फाईल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. तिच्यातल्या उत्तरांचा हिट रेट सरळ शून्य येतो. हे दोष लिहिणारं मॉडेल बदलून सुटणारे नाहीत. एकूण उत्तरांची टक्केवारी पाहून मात्र पुष्कळ ठिकाणी पहिला निर्णय तोच होतो: अधिक महाग मॉडेल घ्या.

हिट रेट काढायला सोपा आहे, तसाच तो फुगवायलाही सोपा आहे. सगळ्यात मोठी फसगत प्रश्न कुठून आणले यात होते. साठ प्रश्न जमवायचा कंटाळा येतो. मग तुकडा समोर घेऊन त्यावरून प्रश्न बनवला जातो, हल्ली तर हे कामही मॉडेलकडूनच करून घेतात. असा प्रश्न तुकड्याचेच शब्द घेऊन जन्माला येतो. ‘खातेदार मयत झाल्यास वारसांनी किती मुदतीत कळवावे?’ हा प्रश्न कलम वाचून तयार केलेला आहे, तालुक्यातला कोणी माणूस असं विचारणार नाही. अशा प्रश्नांवर शब्द जुळवणारा रिट्रीव्हर उत्तम गुण मिळवतो आणि खऱ्या लोकांपुढे तोंडघशी पडतो.

याचा पुरावा २०२० च्या एका शोधनिबंधात आहे. व्लादिमिर कार्पुखिन आणि सहकाऱ्यांनी अर्थावर चालणारा डीपीआर हा रिट्रीव्हर तयार केला आणि बीएम२५ शी त्याची तुलना केली. विकिपीडियाचे शंभर-शंभर शब्दांचे दोन कोटी दहा लाख तुकडे, आणि पहिल्या वीस निकालांत उत्तर आहे का, ही कसोटी. लोकांनी गूगलवर खरोखर विचारलेल्या प्रश्नांच्या नॅचरल क्वेश्चन्स या संचावर बीएम२५ ला ५९.१ टक्के मिळाले, डीपीआरला ७८.४. स्क्वॉड या दुसऱ्या संचावर निकाल उलटला. बीएम२५ ला ६८.८, डीपीआरला ६३.२. लेखकांनी दिलेल्या कारणांपैकी एक असं, की स्क्वॉडचे प्रश्न परिच्छेद समोर ठेवून लिहिलेले आहेत, त्यामुळे प्रश्न आणि परिच्छेद यांत शब्दांची भरपूर सरमिसळ होते. स्पर्धेतले दोघे तेच होते, प्रश्न बदलल्यावर जिंकणारा बदलला. तेव्हा प्रश्न खऱ्या वापरातून यावेत. मदत-खिडकीवरची नोंदवही, आलेली पत्रं, फोनवर विचारलेलं, जे मिळेल ते. शुद्धलेखनाच्या चुका आणि अर्धवट वाक्यंही तशीच ठेवावीत.

दुसरी फसगत ‘सापडलं’ कशाला म्हणायचं यात आहे. डीआरक्यूए आणि डीपीआर दोघांनीही सोयीचा मार्ग घेतला होता. उत्तराचे शब्द तुकड्यात आढळले की हिट धरायची. लाखो प्रश्नांवर माणसाने खुणा करणं शक्य नसतं, म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण आपल्या उदाहरणात उत्तर ‘तीन महिने’ असेल, तर ‘तीन महिने’ हे शब्द आणखी कितीतरी तुकड्यांत वेगळ्याच कारणासाठी आलेले असणार. त्यातला कोणताही तुकडा आला तरी हिट मोजली जाईल. साठ-सत्तर प्रश्नांचा मामला असेल तेव्हा माणसानेच योग्य जागा ठरवावी. ती ठरवताना तुकड्याच्या क्रमांकाऐवजी मूळ कागदातलं वाक्य टिपून ठेवावं. उद्या दोनशेऐवजी चारशे शब्दांचे तुकडे पाडले, तर सगळे क्रमांक बदलतील. वाक्य टिपलेलं असेल तर ते ज्या तुकड्यात पडेल तो योग्य, असं ठरवता येतं. हे वाक्य दोन तुकड्यांच्या सीमेवर चिरलं गेलं आहे का, हेही त्यातून कळतं. मुदत एका तुकड्यात आणि ती कोणत्या गोष्टीची हे आधीच्या तुकड्यात, असं झालं की रिट्रीव्हरला दोष देऊन उपयोग नाही.

आता लिहिणाऱ्याकडे वळू. साठही प्रश्नांची अंतिम उत्तरं तपासली आणि ४० बरोबर निघाली, असं समजा. २० उत्तरं हुकली. नुसता हा ६७ टक्क्यांचा आकडा घेऊन बैठकीत बसलं, तर ज्याचं त्याचं मत वेगळं पडेल. हिट रेटचा तक्ता शेजारी ठेवला की चित्र बदलतं. ज्या ४५ प्रश्नांत योग्य तुकडा पोचला होता, त्यातली ३६ उत्तरं बरोबर आणि ९ चूक. ज्या १५ प्रश्नांत तो पोचला नव्हता, त्यात ९ उत्तरं चूक, २ प्रश्नांवर मॉडेलने ‘दिलेल्या मजकुरात याचं उत्तर नाही’ असं सांगितलं आणि ४ उत्तरं बरोबर.

हुकलेल्या वीसपैकी अकरा रिट्रीव्हरच्या खात्यावर गेली, नऊ लिहिणाऱ्याच्या. दोघांवरही काम करायला हवं, पण वेगवेगळं. अकरांसाठी शोधपद्धत, तुकड्यांची लांबी, जुन्या फॉन्टच्या फाईली आणि ‘वारला’-‘मयत’ यांसारख्या जोड्या पाहायच्या. नऊंसाठी मॉडेलला दिलेल्या सूचना किंवा खुद्द मॉडेल. त्या दोन प्रश्नांवर मॉडेलने दिलेला नकार मी लिहिणाऱ्याच्या बाजूने जमेला धरीन. कागद नसताना गप्प राहणं हेच त्याचं काम होतं.

सगळ्यात संशयाने पाहायची ती चार बरोबर उत्तरं. योग्य तुकडा मिळाला नाही, तरी उत्तर बरोबर आलं कसं? बहुधा दोनपैकी एक कारण निघतं. एक तर तेच उत्तर दुसऱ्या एखाद्या तुकड्यातही होतं आणि आपल्या माणसाने तो खुणेत धरला नव्हता. मग तक्ता दुरुस्त करायचा, हिट रेट थोडा वाढेल. नाही तर मॉडेलने आठवणीवरून उत्तर दिलं. कायदा आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे आठवणीतलं उत्तर आज बरोबर असलं तरी नियम बदलल्यावर चुकेल आणि कोणाला कळणारही नाही.

लिहिणाऱ्याची स्वतंत्र परीक्षाही घेता येते. रिट्रीव्हर बाजूला ठेवून साठही प्रश्नांना योग्य तुकडा हाताने द्यायचा आणि उत्तरं तपासायची. डीआरक्यूएचा ६९.५ हा आकडा अशाच परीक्षेतला होता. रिट्रीव्हर कितीही सुधारला, तरी प्रणालीला साधारण याच्या पुढे जाता येत नाही. ही परीक्षाच कमी गुणांची निघाली, तर शोधपद्धतीवर महिने घालवण्यात काय हशील?

हिट रेट वाढवायचा एक आयता मार्ग नेहमी खुणावत असतो: पाचऐवजी वीस तुकडे आणा. टक्केवारी चढतेच, ती कधी उतरू शकत नाही. पण लिहिणाऱ्यासमोरचा पसाराही चौपट होतो. २०२३ मध्ये नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अनेक कागद एकत्र दिले आणि उत्तराचा कागद सुरुवातीला किंवा शेवटी असला तर मॉडेलं चांगली कामगिरी करतात. तोच मध्ये कुठे तरी असला तर कामगिरी घसरते. त्यांच्या प्रयोगात वीसऐवजी पन्नास कागद दिल्यावर रिट्रीव्हरचे गुण वाढले, पण उत्तरांचा फायदा जेमतेम एक-दीड टक्का झाला. म्हणून जितके तुकडे प्रत्यक्षात मॉडेलला देणार, तेवढ्यांवरचाच हिट रेट धरावा. hit@20 सांगायचा आणि मॉडेलला पाचच तुकडे द्यायचे, ही स्वतःचीच फसवणूक झाली.

हिट रेटला काही गोष्टी दिसतच नाहीत. योग्य तुकडा पहिला आला की पाचवा, त्याला दोन्ही सारखेच. क्रमाची फिकीर असेल तर प्रत्येक प्रश्नाला पहिल्या क्रमासाठी एक, दुसऱ्यासाठी अर्धा, तिसऱ्यासाठी एक तृतीयांश असे गुण देऊन सरासरी काढतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९९ साली घेतलेल्या प्रश्नोत्तर स्पर्धेत हेच माप वापरलं होतं. दुसरी अडचण अनेक तुकड्यांत विखुरलेल्या उत्तरांची. ‘वारस नोंदीला हरकत आली तर पुढे काय होतं?’ याचं उत्तर हरकतीची मुदत, सुनावणी आणि अपील अशा तीन ठिकाणी असेल, तर एक तुकडा मिळाला तरी हिट रेट पूर्ण गुण देतो. अशा प्रश्नांसाठी लागणाऱ्या तुकड्यांपैकी किती आले, ते वेगळं मोजावं लागतं. आणि ज्यांचं उत्तर साठ्यात मुळातच नाही, असे प्रश्न या मोजणीत धरू नयेत. त्यांची परीक्षा लिहिणाऱ्याने नकार दिला का, यावर घ्यायची.

साठ प्रश्नांवर आलेला ७५ टक्के हा आकडाही फार घट्ट धरू नये. एवढ्या लहान नमुन्यात तो सुमारे ११ टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे खरा आकडा ६४ ही असेल आणि ८६ ही. चारशे प्रश्न असले तर ही ढिलाई चार टक्क्यांच्या आसपास येते. दोन पद्धतींची तुलना करताना मात्र एक युक्ती कामी येते. दोघींना तेच प्रश्न द्यायचे आणि जिथे निकाल वेगळा आला तेवढेच प्रश्न पाहायचे. नव्या पद्धतीने हिट ४५ वरून ४९ वर गेल्या, त्यात सहा नव्याने मिळाल्या आणि दोन गमावल्या, असं असेल तर सहाविरुद्ध दोन हा फरक नाणेफेकीतही सहज पडू शकतो. त्यावर शोधपद्धत बदलायचा निर्णय घेऊ नये. आणि त्या गमावलेल्या दोन प्रश्नांत काय बिघडलं, ते वाचल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये.

तुमच्या कार्यालयात, बँकेत किंवा संस्थेत अशी सोय विकायला कोणी आलं आणि एकच टक्केवारी सांगू लागलं, तर त्यांच्याकडून चार गोष्टी मागून घ्या: रिट्रीव्हरचा वेगळा हिट रेट, तो किती निकालांवर काढला ती संख्या, प्रश्न कुणाकडून आले ते, आणि हुकलेल्या प्रश्नांची यादी. यादी देता येत नसेल तर त्यांनी मोजलेलंच नाही.